मामाच्या कार्डाने पैसे भरले म्हणून बंद झालेलं खातं: ऑनलाइन कंपन्यांच्या पेमेंट-रिस्क विभागांना खुलं पत्र

ऑनलाइन सेवा विकणाऱ्या कंपन्यांच्या पेमेंट-रिस्क आणि तक्रार विभागांत काम करणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

मी बरीच वर्षं कार्डांच्या तक्रारी हाताळल्या. ग्राहक म्हणतो "हा खर्च मी केलेला नाही", दुकानदार म्हणतो "त्यानेच केला", आणि मधे बसून कागद तपासायचे, हे माझं काम होतं. त्यामुळे तुम्ही ज्या चोरांशी रोज झगडता ते मला अनोळखी नाहीत. चोरलेली कार्डं चालतात की नाही हे बघायला ते नवं खातं उघडतात, आधी एखादा डॉलर भरून पाहतात, एक कार्ड नाकारलं गेलं की दुसरं लावतात. अशी खाती तुम्ही ताबडतोब थांबवता ते बरोबरच आहे.

पण या जाळ्यात आणखी एक माणूस अडकतो, आणि हे पत्र त्याच्याबद्दल आहे. त्याने नातेवाइकाचं कार्ड नातेवाइकाच्या परवानगीने वापरलेलं असतं. आपल्याकडे घरात सगळ्यांकडे कार्ड असतंच असं नाही. असलं तरी ते परदेशी व्यवहारांना चालेलच असं नाही. मग काकाचं, मामाचं, मोठ्या बहिणीचं कार्ड वापरलं जातं. तुमच्या यंत्रणेला तो चोरासारखा दिसतो आणि तुम्ही त्याला एका ओळीचं उत्तर देता. ती ओळ वाचून तो घाबरतो आणि घाबरून नेमक्या अशा गोष्टी करतो, ज्याने त्याचं खातं कायमचं बंद व्हावं. तुमच्या उत्तरात तीन-चार वाक्यं जास्त असती तर यातली बरीच प्रकरणं पहिल्याच फेरीत मिटली असती, असं माझं ठाम मत आहे.

एक प्रकरण सविस्तर सांगतो. ते ओळखीतल्या कुटुंबातलं आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हे एकाच कंपनीत घडतं असं नाही.

बार्शीची एक विद्यार्थिनी. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तिला भाड्याने सर्व्हर हवा होता. एका परदेशी क्लाउड कंपनीत तिने खातं उघडलं. आधी स्वतःचं डेबिट कार्ड लावलं, ते नाकारलं गेलं. नाकारलं जाणारच होतं, कारण रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमानुसार नव्या कार्डावर परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार सुरुवातीला बंदच असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते आपण सुरू करावे लागतात. हे तिला ठाऊक नव्हतं. मग वडिलांचं कार्ड लावून पाहिलं, तेही चाललं नाही. तेव्हा आईने न्यू जर्सीतल्या भावाला विचारलं. त्याने आनंदाने कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. ते कार्ड चाललं. आधी तपासणीसाठी १ डॉलर अडकवला गेला, नंतर १२ डॉलर गेले. सर्व्हर सुरू झाला, प्रोजेक्ट त्यावर चढवला, आणि दुसऱ्या दिवशी खातं बंद.

आता हेच सगळं तुमच्या पडद्यावर कसं दिसलं असेल? नवं खातं. तासाभरात तीन कार्डं, तिन्हींवर वेगळी नावं. कार्डाच्या पहिल्या सहा-आठ आकड्यांवरून ते कुठल्या देशातल्या बँकेचं आहे हे कळतं. ते अमेरिकेतलं आणि लॉगिन सोलापूर जिल्ह्यातून. त्यावर पत्ता जुळत नाही. अमेरिकन कार्डांच्या बाबतीत दुकानदार बँकेला पत्त्यातले आकडे आणि झिप कोड पाठवतो, आणि ते आपल्या नोंदीशी जुळतात की नाही हे बँक कळवते. या पोरीने बार्शीचा पत्ता आणि सहा आकडी पिनकोड लिहिला होता, म्हणून बँकेचं उत्तर आलं: काहीच जुळत नाही. इथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. खात्याचा देश एकदा भारत निवडला की त्या फॉर्ममध्ये अमेरिकेतला पत्ता लिहायची सोयच नव्हती. मामाचा खरा पत्ता लिहावा असं तिला वाटलं असतं तरी लिहिता आला नसता.

एवढ्यावर कदाचित नुसती तपासणी झाली असती. खरं बिघडलं ते पुढे. भारतीय कार्डावर भारतात ऑनलाइन खर्च केला की ओटीपी येतो, म्हणजे कार्डधारकाला त्याच क्षणी कळतं. अमेरिकन कार्डाला बहुतेक वेळा असं काही लागत नाही. तिकडे बँकेला शंका आली तर ती मेसेज पाठवते: हा खर्च तुम्ही केलात का, हो किंवा नाही कळवा. मामाला असा मेसेज रात्री आला, त्याने तो सकाळी पाहिला. मेसेजमध्ये सेवेचं ओळखीचं नाव नव्हतं. पैसे घेणाऱ्या मूळ कंपनीचं, अर्धवट तोडलेलं, इंग्रजी मोठ्या अक्षरांतलं नाव होतं. भाचीच्या "कॉलेजच्या कामाचा" आणि या नावाचा संबंध त्याला लागला नाही. त्याने "नाही" असं उत्तर दिलं.

त्या एका शब्दाने तीन गोष्टी झाल्या. बँकेने ते कार्ड रद्द करून नव्या नंबरचं कार्ड पाठवलं. हा व्यवहार फसवणुकीचा असल्याची नोंद कार्ड नेटवर्ककडे केली. आणि १२ डॉलर परत मिळवण्याचा दावा, ज्याला आपण सगळे चार्जबॅक म्हणतो, तो कंपनीवर लावला. तुमच्या दृष्टीने हे तर पुराव्यासकट सिद्ध झालं: खुद्द कार्डधारकच म्हणतोय की व्यवहार माझा नाही. असे दावे वाढले तर व्हिसा आणि मास्टरकार्ड तुमच्यावर लक्ष ठेवायला लागतात, दंड लावतात. हे मी जाणतो. तुम्ही खातं बंद केलंत याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती पुढच्या उत्तराबद्दल. "आमच्या धोरणांचं उल्लंघन आढळल्याने खातं मर्यादित केलं आहे. सुरक्षेच्या कारणास्तव अधिक तपशील देता येत नाहीत." बस, एवढंच. तिने काय केलं असेल? जे कोणीही केलं असतं तेच. दुसऱ्या ईमेलने नवं खातं उघडलं. तेही तासाभरात बंद झालं, कारण लॅपटॉप तोच, फोन नंबर तोच, घरचं इंटरनेट तेच. आता नोंदीत "बंदी चुकवण्याचा प्रयत्न" असाही शेरा लागला. एका मित्राने व्हीपीएन लावायला सांगितलं. त्याने लॉगिन नेदरलँड्समधून झाल्यासारखं दिसलं, म्हणजे शंकेत भर. मग अपील लिहिताना कुणीतरी सल्ला दिला, "कार्ड माझंच आहे असं लिही, नाहीतर ऐकणार नाहीत." तिने तो सल्ला मानला नाही हे फार बरं झालं. कार्डावरचं आडनाव वेगळं आणि ओळखपत्रावरचं वेगळं, एवढं एका नजरेत दिसतं, आणि एकदा खोटं सापडलं की पुढचं खरंही कोणी वाचत नाही.

ज्यांच्यावर हीच वेळ आली आहे तेही हे पत्र वाचतील, म्हणून खातं सोडवायला काय करावं लागतं ते इथेच लिहितो. तुमच्या मदत-पानांवर ते मला कुठे एकत्र सापडलं नाही.

सगळ्यात आधी थांबायचं. नवं खातं नाही, नवं कार्ड नाही, व्हीपीएन नाही. मग नेमकं काय झालं आहे ते कार्डधारकाच्या स्टेटमेंटवरून ओळखायचं. खर्चाची ओळ "पेंडिंग" दिसत होती आणि काही दिवसांत नाहीशी झाली, तर पैसे घेतलेच गेले नाहीत, कंपनीने स्वतःहून व्यवहार थांबवला आहे. ही सगळ्यात सोपी स्थिती, इथे बहुतेक वेळा ओळखपत्रावर आणि संमतीपत्रावर काम भागतं. खर्च पक्का लागला आणि त्याच दुकानदाराच्या नावाने तेवढीच रक्कम परत आली, तर कंपनीने रिफंड दिला आहे. पण पैसे बँकेने "तात्पुरतं क्रेडिट" म्हणून जमा केले असतील, तर दावा लागलेला आहे, आणि तो मागे घेतल्याशिवाय खातं सुटणं जवळपास अशक्य. तात्पुरतं क्रेडिट आणि रिफंड दोन्ही आलं तर त्यातलं एक आपलं नाही. हे बँकेला लगेच सांगावं, नाहीतर पुढे ते परत वसूल होतं आणि तोवर गैरसमज वाढलेला असतो.

बार्शीच्या प्रकरणात तात्पुरतं क्रेडिट दिसत होतं. त्यामुळे पहिलं काम मामाचं होतं. कंपनीला ईमेल करायचं काम त्यानंतरचं. हा क्रम लोक उलटा करतात. भाची दहा अपिलं लिहील, पण जोवर बँकेच्या नोंदीत "कार्डधारकाने नाकारलं" असं आहे तोवर तिच्या शब्दाला किंमत नाही. मामाने कार्डामागच्या नंबरवर फोन करून सांगितलं, की व्यवहार माझ्या परवानगीने माझ्या भाचीने केला, दुकानदाराचं नाव ओळखता आलं नाही म्हणून मी नाही म्हणालो, दावा मागे घ्यायचा आहे आणि फसवणुकीची नोंद दुरुस्त करायची आहे. दावा मागे घेणं आणि नोंद दुरुस्त करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोनवरचा माणूस पहिली करतो आणि दुसरी विसरतो, म्हणून दोन्ही स्पष्ट मागाव्यात. दावा मागे घेतल्याचं पत्र बँकेकडून लेखी घ्यावं. ते कंपनीला पाठवावं, म्हणजे दाव्याला उत्तर देताना कंपनी ते जोडू शकते. नुसतं "मागे घेतलाय" असं कळवून कंपनीचं काम संपत नाही, तिला नेटवर्कच्या मुदतीत पुरावा द्यावाच लागतो.

इथे भारतीय कार्डधारकांसाठी एक इशारा. कार्ड मेहुण्याला किंवा पुतण्याला आपणच दिलं, ओटीपीही आपणच सांगितला, आणि नंतर घरात वाद झाला म्हणून "व्यवहार माझा नाही" अशी तक्रार केली, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या ग्राहक-संरक्षण नियमाचा आधार मिळत नाही. तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार नाही, ही तरतूद बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कोणी लुबाडलं तर आहे. स्वतः माहिती देऊन झालेला तोटा, तक्रार नोंदवेपर्यंतचा, ग्राहकालाच सोसावा लागतो. १९३०वर फोन करून सायबर गुन्हा नोंदवण्याचा तर प्रश्नच येत नाही. तो नंबर खऱ्या लुबाडणुकीसाठी आहे, आणि तिथे आपल्याच पुतण्याची नोंद झाली तर मग ती निस्तरत बसावं लागतं.

बँकेचं काम झालं की अपील. कागद तीन लागतात. खातेदाराचं सरकारी ओळखपत्र. आधार द्यायचं तर ज्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात ते मास्क्ड आधार. कार्डधारकाचं स्टेटमेंट, त्यातलं ज्या पानावर हा खर्च आहे तेवढंच पान: नाव, कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि खर्चाची ती एक ओळ दिसली पाहिजे, बाकीचे खर्च आणि शिल्लक काळी करावी. आणि कार्डधारकाच्या सहीचं छोटं संमतीपत्र. कार्डाचा फोटो मागितलाच तर मधले आकडे झाकून द्यावा. मागचा तीन आकडी सीव्हीव्ही कधीच देऊ नये. तो व्यवहारानंतर साठवून ठेवायला कार्ड उद्योगाच्या सुरक्षा नियमांनुसार मनाई आहे, त्यामुळे "पडताळणीसाठी" सीव्हीव्ही किंवा ओटीपी मागणारा तुमच्यापैकी कोणी नसून ठग असतो. खातं बंद झालेल्या घाबरलेल्या लोकांना असे फोन येतात. कागद फक्त खात्यात लॉगिन करून तिथे दिसणाऱ्या फॉर्ममधूनच चढवावेत.

अपिलाचा मजकूर पाच-सहा वाक्यांचा पुरतो. या मुलीने लिहिलेला साधारण असा होता:

"हे खातं माझं आहे. त्यावरचं पेमेंट मी माझ्या मामांच्या कार्डाने त्यांच्या परवानगीने केलं. ते अमेरिकेत राहतात, मी भारतात, म्हणून कार्डाचा देश आणि बिलाचा पत्ता जुळत नाही. बँकेच्या मेसेजमधलं नाव त्यांना ओळखू आलं नाही, म्हणून त्यांनी व्यवहार नाकारला. तो दावा त्यांनी मागे घेतला आहे, बँकेचं पत्र जोडलं आहे. खातं बंद झाल्यावर मी घाबरून दुसरं खातं उघडलं, त्याचा ईमेल हा. ते कायमचं बंद करावं. मामांचं कार्ड खात्यातून काढून टाकावं, यापुढे मी माझ्या नावाच्या कार्डाने पैसे भरेन."

दुसऱ्या खात्याबद्दलचं वाक्य तिला लिहावंसं वाटत नव्हतं. ते लिहायला मीच आग्रह केला. तुम्हाला ते खातं आधीच दिसत असतं. तिने आपणहून सांगितलं तर ती घाबरलेली मुलगी दिसते, लपवलं तर तोच पुरावा तिच्याविरुद्ध जातो.

तरीही पहिलं अपील फेटाळलं गेलं. कारण काय हे कळायला फार वेळ गेला, आणि ते अगदी साधं निघालं. बँकेने कार्ड बदलून दिलं होतं. मामाने संमतीपत्रात नव्या कार्डाचे शेवटचे चार आकडे लिहिले आणि स्टेटमेंटही नव्या नंबरचं काढलं. तुमच्या नोंदीत जुने आकडे होते. तपासणाऱ्याने दोन्ही ताडून पाहिले, जुळले नाहीत, फाइल बंद. "स्टेटमेंटवरचा कार्ड नंबर आमच्या नोंदीशी जुळत नाही" एवढं एक वाक्य त्याने लिहिलं असतं तर त्याच दिवशी उलगडा झाला असता. मामाने दुसऱ्यांदा दोन्ही नंबर लिहून, कार्ड बदलल्याचं बँकेचं पत्र जोडून कागद पाठवले, आणि खातं उघडलं. महिन्याच्या खर्चावर छोटी मर्यादा घातली होती, ती तिने आनंदाने मान्य केली. सर्व्हरवरचा प्रोजेक्ट मात्र तोवर पुसला गेला होता. त्याची बरीचशी प्रत लॅपटॉपवर होती म्हणून वर्ष वाचलं.

पुढच्या वेळी काय करावं, हा प्रश्न मामानेच विचारला. उत्तर असं की कार्ड पाठवू नये, पैसे पाठवावेत. मुलीच्या किंवा तिच्या आईच्या खात्यात रक्कम जमा करावी आणि मुलीने आपल्याच कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार सुरू करून, मर्यादा बेताची ठेवून, पैसे भरावेत. नाव, देश, पत्ता, लॉगिन सगळं एकाच माणसाचं दिसतं. भारतातलं क्रेडिट कार्ड असेल तर घरच्या माणसाच्या नावाने ॲड-ऑन कार्ड काढता येतं. दर महिन्याच्या आपोआप कपातीसाठी कंपनी रिझर्व्ह बँकेच्या ई-मॅन्डेटची सोय देत असेल तर ती मुलीच्याच नावाने नोंदवावी. तिथे कपातीच्या किमान २४ तास आधी सूचना येते, म्हणजे अनोळखी नाव बघून दचकायची वेळ येत नाही.

आता तुमच्याशी बोलायचं ते.

तुमचं नेहमीचं उत्तर मला पाठ आहे: कारण सांगितलं की चोर शिकतात. मी या उत्तराचा मान राखतो, पण ते इथे लागू पडत नाही. कुठल्या नियमाने किती गुण दिले, किती कार्डांनंतर खातं थांबतं, कोणतं उपकरण कसं ओळखलं, यातलं काहीही सांगू नका. मात्र "पेमेंटच्या कार्डावरचं नाव आणि खातेदाराचं नाव वेगळं आहे" हे सांगितल्याने कोणता चोर काय शिकणार आहे? त्याला ते माहीत असतंच, कार्ड त्यानेच चोरलं आहे. आणि "कार्डधारकाचं संमतीपत्र आणि बँकेचं स्टेटमेंट द्या" या मागणीपुढे तोच थांबतो. कार्डधारक मामाला ती अवघड नाही. खरा आणि खोटा वेगळा करणारी याहून स्वस्त चाळणी मला माहीत नाही. आज तुम्ही ती लावत नाही, दोघांनाही एकाच दाराबाहेर उभं करता.

म्हणून माझी पहिली मागणी अशी की कार्ड टाकतानाच विचारा: हे कार्ड तुमचं आहे का? "नाही, नातेवाइकाचं आहे" असा पर्याय द्या, आणि तो निवडला की कार्डधारकाचा फोन किंवा ईमेल घेऊन त्याच्याकडून संमती मागवा. त्या संमतीच्या संदेशात हेही लिहा, की बँकेच्या स्टेटमेंटवर हा खर्च अमुक नावाने दिसेल. मामाला तो एक संदेश मिळाला असता तर हे पत्र लिहायची गरज पडली नसती. दुसऱ्याचं कार्ड मुळीच चालणार नसेल, तर तेही तिथेच स्पष्ट लिहा. अटींच्या लांबलचक मजकुरात कुठेतरी असतं ते, पण बार्शीतल्या मुलीने कार्ड टाकताना ते वाचावं ही अपेक्षा प्रामाणिक नाही.

दुसरी मागणी डेटाची. पेमेंटबद्दल शंका असेल तर सेवा थांबवा, नवा खर्च होऊ देऊ नका, पण अपिलाचा निकाल लागेपर्यंत काहीही पुसू नका, आणि ओळख पटलेल्या माणसाला त्याचं काम उतरवून घेऊ द्या. १२ डॉलरच्या वादात वर्षभराचं काम जाणं हे कुठल्याही हिशेबात बसत नाही.

तिसरी, अपील फेटाळताना कोणता कागद चालला नाही आणि का, एवढं लिहा. माझ्या अनुभवात फेटाळलेल्या अर्जांमध्ये खोट्या कागदांपेक्षा चुकीचं पान, कापलेला कोपरा, मराठीतलं नाव आणि इंग्रजी स्पेलिंगमधला फरक, किंवा असं बदललेलं कार्ड हीच कारणं जास्त असत.

आणि तक्रार अधिकारी. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याचं नाव आणि संपर्क दाखवणं, तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत देणं आणि महिनाभरात ती निकाली काढणं बंधनकारक आहे. भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे सेवा विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही ते लागू आहेत. तुमच्यापैकी काहींच्या साइटवर ते नाव शोधायला मला बराच वेळ लागला. वाचकांसाठी लिहितो: अपिलाचा उपयोग झाला नाही तर या अधिकाऱ्याला अपिलाचा क्रमांक, तारखा आणि वरचे सगळे कागद एकाच ईमेलमध्ये पाठवा. महिना उलटला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. मात्र निव्वळ धंद्यासाठी घेतलेल्या सेवेला ग्राहक कायदा लागू होत नाही, स्वतःच्या पोटापाण्यासाठीच्या स्वयंरोजगाराला होतो, हा फरक तक्रारीत स्पष्ट लिहावा. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊन उपयोग नाही. तो भारतातल्या बँकेने तुमची तक्रार ऐकली नाही तर कामाचा आहे, कंपनीने खातं का बंद केलं हे तो विचारू शकत नाही.

शेवटी वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. सगळी खाती सुटत नाहीत. दावा मागे घ्यायला कार्डधारक तयार नसेल, आधीही असे दावे लागलेले असतील, किंवा अपिलात खोटे कागद गेले असतील, तर कंपनी खातं परत देणार नाही आणि तिला तसं करायला भाग पाडणंही अवघड आहे. अशा वेळी डेटा आणि शिल्लक रक्कम परत मागावी, आणि नवं खातं उघडायचं तर कंपनीची लेखी परवानगी घेऊनच उघडावं.

रिस्क विभागातल्या मित्रांनो, वरच्या मागण्यांपैकी तुमच्या कंपनीत आज कोणती अमलात आहे आणि कोणती का नाही, हे तुमच्या मदत-पानावर जाहीरपणे लिहा. या मुलीचं दुसरं अपील तुमच्यापैकीच कुणीतरी नीट वाचलं, दोन्ही कार्ड नंबर ताडून पाहिले आणि खातं उघडलं. त्या अनोळखी माणसाचे आभार मानायचे राहिले होते, ते इथे मानतो.

आपला,
कार्ड-तक्रारींच्या टेबलावर बसलेला एक माजी कर्मचारी, पुणे